केळवणाच्या आमंत्रणात ‘सहकुटुंब सहपरिवार’ नको

लग्नसराई जवळ आली की नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर केळवणाची रंगीत चित्रं पडू लागतात. दोन्ही कडांना केळीची पानं, वर गणपती आणि खाली लग्नपत्रिकेतून उचललेला मजकूर: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून चि. अमुक हिचे केळवण करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह उपस्थित राहून कार्याची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.’ ग्रुपमध्ये चुलत, मावस, आते, मामे सगळे मिळून पन्नासएक माणसं आणि केळवण मुलुंडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. खाली हात जोडलेल्यांची रांग लागते, पण त्यातल्या किती जणांना खरंच जेवायला बोलावलंय, हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मग दुसऱ्या दिवशी फोनाफोनी सुरू होते. ‘अगं, ग्रुपवर टाकलंय ते आपल्यासाठी आहे का?’

केळवणाचं आमंत्रण जुन्या, मायेच्या भाषेतच व्हावं, असं माझंही मत आहे. माझी तक्रार एवढीच की आपण चुकीची जुनी भाषा उचलली. पत्रिकेची भाषा जाहीर समारंभाची आहे. ज्या कार्यालयात पाचशे पानं उठायची, तिथे पन्नास जास्त आली तरी आचारी वेळ मारून नेतो. केळवण मात्र मोजक्या पानांचं जेवण असतं आणि त्याची बोलावण्याची रीत वेगळी होती. ती तोंडी होती, म्हणून कुठे छापलेली सापडत नाही आणि म्हणूनच आपण पत्रिकेकडे वळलो.

मुळात केळवण दोन तऱ्हांचं असतं. एक नातेवाइकांनी केलेलं. साखरपुडा झाला, तारीख ठरली की मामा, मावशी, आत्या, काका आपापल्या घरी नवरीला किंवा नवरदेवाला आईवडिलांसकट जेवायला बोलावतात. ताटाभोवती रांगोळी, औक्षण, गोडाचं जेवण, मग ओटी आणि आहेर. विदर्भ-मराठवाड्याकडची माणसं यालाच गडगनेर म्हणतात. दुसरं घरचं केळवण, लग्नघरी ग्रहमखाच्या वेळी होणारं, ज्यात जवळचे सगळेच जेवतात. हे घरचं केळवण हल्ली मुंबईत बहुतेक वेळा हॉलवर आणि केटररच्या भरवशावर होतं. तिथे ‘सहकुटुंब’ लिहिलं तर माझी हरकत नाही. माझं म्हणणं पहिल्या तऱ्हेच्या केळवणाबद्दल आहे, जे अजूनही बऱ्याचदा घरात होतं आणि ज्याला यजमानीण स्वतः ओट्याशी उभी असते.

जुन्या आमंत्रणांत ऊब होती ती मोजूनमापून. खेड्यात बोलावणं करायला जाणारा माणूस उंबऱ्यावर उभा राहून सांगायचा, ‘चूलबंद आहे हो.’ म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. किंवा ‘घरटी एक’ असं सांगायचा, म्हणजे घरातला कोणी तरी एक जण. कुठे फक्त मेहूण सांगितलेलं असायचं, म्हणजे नवराबायको जोडीनं. ऐकणाऱ्याला यात काडीचाही अपमान वाटत नसे. कुणी यायचं हे स्पष्ट असे आणि म्हणून जाणाऱ्याला ऐटीत जाता येई. ‘सहकुटुंब सहपरिवार’मध्ये ही सोय नाही. त्यात कुणाला वगळलेलं नसतं आणि म्हणून नेमकं कुणाला बोलावलंही नसतं.

मुलुंडचंच उदाहरण पुढे नेते. मावशीला भाचीचं केळवण करायचं आहे. लग्न पाच आठवड्यांवर. हॉलमध्ये जेवणाचं टेबल सहा जणांचं, एक घडीचं टेबल जोडलं तर दहा जण बसतात. खाली पाटावर पंगत मांडता आली असती, पण येणाऱ्यांत चार जणांचे गुडघे कुरकुरणारे. म्हणजे दोन पंगती, फार तर वीस पानं. घरचे चार आणि उत्सवमूर्ती धरून तिच्या घरचे पाच वजा केले की उरतात अकरा. या अकरांत बोरिवलीचे काका-काकू, त्यांचा मुलगा-सून-नात, गिरगावची आत्या आणि ठाण्याचे मामा-मामी. झाली आठ. राहिलेली तीन पानं होणाऱ्या जावयासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी, त्यांना बोलवायचं ठरलं तर.

मावशीनं पहिला फोन करायचा तो बहिणीला आणि तो आमंत्रणाचा नव्हे, विचारण्याचा. ‘मनूचं केळवण माझ्याकडे करायचंय, तुम्हाला कुठला रविवार सोयीचा?’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लग्नाआधीचे शनिवार-रविवार मोजकेच असतात. त्यात कपडे, दागिने, पत्रिका वाटणं आणि ऑफिसातल्या मैत्रिणींचं केळवणही. एकाच रविवारी दुपारी मामाकडे आणि रात्री काकांकडे जेवून आलेली नवरी तिसऱ्या घरी पुरणपोळीकडे कुठल्या नजरेनं पाहते, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. पूर्वी यावर एक छान तोड होती. मुलीचे आईवडील पत्रिका द्यायला येणार असं कळलं की ‘त्याच दिवशी जेवायलाच या, केळवणही होऊन जाईल’ असं सांगायचे. मुंबईच्या अंतरांत ही तोड आजही सोन्यासारखी आहे. डोंबिवलीहून विरारला एकाच महिन्यात दोनदा कोण जाणार?

दिवस ठरला की बाकीच्यांना फोन. इथे काय बोलायचं, हे आपल्या आयांना शिकवावं लागलं नव्हतं. ‘वहिनी, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी मनूचं केळवण आहे माझ्याकडे. तुम्ही, दादा आणि मुलं, पाचही जण या. तुमच्या हातून तिला ओवाळायचंय. सकाळीच या, जेवायच्या वेळेला धावत येऊ नका.’ या चार वाक्यांत किती गोष्टी आल्या पाहा. कुणाचं केळवण, कधी, कोण कोण आणि तिथे तुमची गरज काय. ‘तुमच्या हातून ओवाळायचंय’ हे ‘कार्याची शोभा वाढवावी’ याचंच घरगुती रूप आहे, पण त्यात समोरच्या बाईला एक ठरावीक काम मिळतं. शोभा काय, कुणीही वाढवील. ओवाळायला मात्र तीच हवी, असं तिला सांगितलेलं असतं.

‘पाचही जण’ म्हणायला अनेकांना संकोच वाटतो, आकडा सांगणं कोरडं वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. ‘सगळे या’ म्हटलं की बोरिवलीची सून मनात म्हणते, आपल्याला धरलंय की नाही कोण जाणे, आणि सासू-सासऱ्यांना गाडीत बसवून स्वतः घरी राहते. ‘पाचही’ म्हटलं की ती हक्कानं येते. आणि जिथे पाचांना बोलवणं शक्य नाही तिथेही सांगता येतं: ‘या वेळी तुम्ही दोघंच या, मुलांना लग्नात भेटूच.’ मामा-मामींच्या बाबतीत हेच झालं. त्यांची दोन्ही मुलं तिशीची, त्यांना या जेवणाची आस नव्हतीच. पण ‘सहपरिवार’ वाचून आली असती आणि दुसरी पंगत तीन वाजेपर्यंत लांबली असती.

फोन झाला की लेखी निरोप. तो व्हॉट्सअॅपवरच जावा, माझी ना नाही, पण ज्याला त्याला वेगळा. त्याचं काम आठवण देण्याचं आणि पत्ता कळवण्याचं. मावशीनं आत्याला पाठवलेला साधारण असा होता:

‘ती. आत्यास सा. न. वि. वि. फोनवर बोलल्याप्रमाणे चि. मनूचं केळवण रविवारी दुपारी आमच्याकडे आहे. तू अकरापर्यंत पोचावंस. पहिली पंगत साडेबाराला बसेल आणि तुझं पान मनूच्या शेजारी. त्या दिवशी मेगाब्लॉक असला तर शनिवारी रात्री कळवते. स्टेशनवर पूर्वेला उतर, न्यायला येतोय. आहेर आमच्याकडून आहे, तू फक्त आशीर्वाद घेऊन ये. जेवल्यावर इथेच पड, संध्याकाळी सोडू. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.’

जुनं पत्र-लेखन यात पुरेपूर आहे. ‘ती.’ आहे, ‘सा. न. वि. वि.’ आहे, ‘लोभ’ आहे. त्यांच्या मधली जागा मात्र कामाच्या गोष्टींनी भरली आहे. बोरिवलीला जाणाऱ्या निरोपात वरची-खालची ओळ तीच, मधला मजकूर वेगळा. ते गाडी घेऊन येणार, तेव्हा सोसायटीत पाहुण्यांना पार्किंग नाही, कोपऱ्यावरच्या मैदानाशी लावा, हे त्यात हवं.

मेगाब्लॉकचा उल्लेख कुणाला हास्यास्पद वाटेल. मुंबईकराला वाटणार नाही. रविवारी मध्य रेल्वेचा ब्लॉक बहुधा सकाळी अकराच्या आसपास सुरू होऊन चारच्या सुमारास संपतो, म्हणजे बरोब्बर केळवणाची वेळ. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर काम असलं की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात आणि सगळंच रखडतं. चर्नी रोडला बसून दादरला गाडी बदलणाऱ्या सत्तरीच्या बाईला हे आधी सांगणं हा मानपानाचाच भाग आहे. पाट-चौरंग मांडून, चांदीची ताटं काढून जो मान द्यायचा, तो ती दादरच्या पुलावर ताटकळत असेल तर कुणाला देणार? ब्लॉकचं वेळापत्रक एक-दोन दिवस आधीच जाहीर होतं, त्यामुळे पंधरा दिवस आधीच्या आमंत्रणात ‘कळवते’ एवढंच लिहिता येतं. पण ते लिहावं आणि कळवावं.

आहेराच्या वाक्याबद्दलही थोडं. केळवणात आहेर करायचा तो यजमानांनी, नवरीला साडी किंवा पाकीट. इतर पाहुण्यांनी काय करायचं, हे घराघरात वेगळं आहे आणि न सांगितलं तर सगळे धास्तीनं पाकीट घेऊन येतात. ‘कृपया आहेर आणू नये’ ही छापील ओळ कुणी खरी मानत नाही. आपल्याकडे त्या ओळीनंतरच लोक पाकीट आणायला निघतात. ‘आहेर आमच्याकडून आहे’ हे मात्र पटतं, कारण त्यात मनाई नाही, वाटणी आहे.

आता नाजूक गोष्ट. आत्याला ‘ती. आत्यास’ म्हटलं, ‘गं. भा.’ लावलं नाही. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. पारंपरिक शब्द वापरायचे म्हटलं की काही घरांत हा उपसर्ग आपसूक येतो, आणि त्याच्या मागोमाग ‘ओवाळायला पाच सवाष्णी’ हा हिशोबही येतो. मग आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते. ज्या बाईनं मनूला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला मनूच्या केळवणात प्रेक्षक करणारी परंपरा मला नको आहे. हे माझं एकटीचं शहरी मत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा, असं परिपत्रक काढलं. एक गाव ठराव करून जे सोडू शकतं, ते मुलुंडच्या एका घराला एका निरोपातून सोडता यायला हवं. म्हणून आमंत्रण देतानाच सांगावं, ‘आत्या, पहिलं औक्षण तुझं.’ त्या दिवशी ऐन वेळी तबक पुढे केलं तर ती मागे सरेल, शेजारची कुणी ‘असू दे, असू दे’ म्हणेल आणि सगळं अवघडून जाईल. आधी सांगितलं की तिला मनाची तयारी करता येते आणि ज्यांना खटकणार त्यांची कुरकूरही आधीच ऐकून संपते. मावशीच्या सासूबाईंनी कुरकूर केलीच. मावशी म्हणाली, ‘आई, दुसरं तुमचं.’ विषय तिथे मिटला असं म्हणणार नाही. जेवणं मात्र झाली.

उरली ती तीन पानं. पूर्वी मुलीची केळवणं मुलीच्या नात्यात आणि मुलाची मुलाच्या नात्यात व्हायची. हल्ली दोघांना एकत्र बोलवतात. छान आहे, ओळखी होतात, उखाण्यांना रंग चढतो. पण आमंत्रणाची गडबड सर्वांत जास्त इथेच होते. मावशी भाचीला म्हणते, ‘त्यालाही घेऊन ये गं.’ भाची त्याला मेसेज करते. त्याच्या आईला ते रविवारी सकाळी, तो इस्त्रीचा कुर्ता शोधू लागला की कळतं. मुलगा जेवायला चालला आहे आणि आपल्याला कुणी विचारलंही नाही, ही बोच मग लग्नात कुठल्या तरी भलत्याच निमित्तानं बाहेर पडते आणि मुलीकडच्यांना कळत नाही की यांचं बिनसलं कशावरून. म्हणून होणाऱ्या जावयाला बोलवायचं तर फोन त्याच्या आईला जावा, आणि तो मुलीच्या आईनं आधी करावा: ‘माझी बहीण केळवण करते आहे, ती तुम्हाला फोन करेल.’ नंतर मावशीनं. तिघांना बोलवायचं की एकट्या मुलाला, हे त्या फोनवर स्पष्ट करावं. ‘या वेळी मुलांना दोघांनाच बोलावते आहे, तुम्हाला लग्नानंतर निवांत’ हे अगदी चालतं. न सांगणं चालत नाही. त्याच फोनवर खाण्याचंही विचारून घ्यावं. मुंबईत सीकेपी, सारस्वत, आगरी-कोळी घरांतून माशाचं ताट हाच पाहुणचार आणि पलीकडचं घर कदाचित कांदा-लसूणही न खाणारं. वार, चतुर्थी, श्रावण या भानगडी वेगळ्याच. पापलेट तळून झाल्यावर संकष्टी आठवणं परवडत नाही.

यावर तरुण मंडळींचा आक्षेप मला माहीत आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. दिवसभर मीटिंगांमध्ये असलेल्या माणसाला अकरा जणांना फोन करायला सांगणं म्हणजे दोन संध्याकाळी गेल्या. शिवाय प्रत्येक फोन वीस मिनिटांचा, कारण काकांच्या मोतीबिंदूपासून सुरुवात होते. काही जणांना न सांगता आलेला फोनच आगाऊपणाचा वाटतो. आणि मानाचा आग्रह हा बऱ्याचदा मानाचा जाच असतो. ‘मला आधी फोन आला नाही’ म्हणून लग्नाला न गेलेले काका प्रत्येक घराण्यात एक तरी असतातच. ग्रुपवर एकदा टाकलं की सगळ्यांना एकाच क्षणी कळतं, पहिला-दुसरा हा वादच उरत नाही, असं ते म्हणतात.

बरोबर आहे, पण अर्धंच. पिढीप्रमाणे फरक करायला माझी हरकत नाही. बोरिवलीच्या चुलतभावाला मेसेज पुरे, त्याच्या आईला फोन हवा. अकराचे मग पाच-सहा फोन उरतात, आणि ते सगळे एकाच बाईनं करावेत असंही कुठे लिहिलेलं नाही. मावशीच्या यजमानांनी मामांना आणि बोरिवलीच्या काकांना फोन केले. केळवण ‘बायकांचं’ मानून बोलावण्याचं सगळं ओझं त्यांच्यावर टाकण्याची सवय मोडायला ही चांगली जागा आहे. ग्रुपवर टाकल्यानं समानता येते, हे मात्र मला पटत नाही. वीस पानांच्या जेवणाचं निमंत्रण पन्नास जणांसमोर लावलं की उरलेल्या तिसांना त्यांना वगळल्याचं आपणच जाहीर करतो. फोटोही त्या ग्रुपवर टाकू नयेत, असं मी म्हणेन, पण इतकं कुणी ऐकणार नाही.

हॉटेलातल्या केळवणाचं काय, असंही विचारतील. दादर-ठाण्याकडे आता मराठी जेवणाची हॉटेलं केळवणाची थाळी, रांगोळी, औक्षणाचं तबक असं सगळं मांडून देतात. घर लहान, करणारी एकटी, तर खुशाल करावं. आमंत्रणात मात्र दोन गोष्टी वाढतात. टेबल किती वाजेपर्यंत आपलं आहे, ते सांगावं लागतं. आणि पैसे यजमान देणार आहेत हे आत्या-काकांना ठामपणे सांगावं लागतं, नाही तर बिलाच्या वेळी तिघं उठून काउंटरकडे धावतात.

बोलावणाऱ्यांना इतकं सुनावल्यावर बोलावलेल्यांनाही एक सांगायचं आहे. ‘बघते’, ‘जमवते’, ‘कळवतो’ ही उत्तरं केळवणाला देऊ नयेत. आपल्याकडे ‘बघते’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असतो, पण नेहमी नाही, आणि त्या ‘बहुधा’पायी यजमानीण चार पानं जास्तीची धरते. मावशीनं श्रीखंड घरी करायचं ठरवलं होतं. वीस पानांना साधारण सव्वा किलो चक्का आणि जवळपास तेवढीच साखर. दही शुक्रवारी रात्री टांगायचं, म्हणजे दूध गुरुवारी विरजायचं. तिला आकडा गुरुवारी सकाळी हवा होता. मामींनी तो बुधवारीच दिला, ‘आम्ही दोघं नक्की, आणि मी अळूवडीचे उंडे उकडून आणते, तू फक्त तळ.’ बोरिवलीहून शनिवारी दुपारपर्यंत ‘कळवतो’ एवढंच होतं. शेवटी मावशीनंच फोन केला. काकू म्हणाल्या, ‘अगं, येणारच होतो की! हे काय विचारणं झालं?’